घरी जायला हरकत नाही, स्कूटरला आहे

*डॉक्टर, मी नाशिकची, वय ४४. मागच्या मंगळवारी सकाळी साडेआठला गर्भपिशवीतला पॉलिप दुर्बिणीतून काढला. पूर्ण भूल होती, वीस मिनिटांत काम झालं, दीडला घरी. अगदी फ्रेश वाटत होतं. जेवून, गोळी घेऊन जरा आडवी झाले. चारला फ्लॅटच्या एजंटचा फोन आला, तेव्हा ठरलेल्या भावापेक्षा दोन लाख जास्त द्यायला मी हो म्हणून बसले आणि ५१ हजार टोकनही पाठवलं. पाचला मुलाला क्लासवरून आणायला स्कूटर काढली. सिग्नलला पुढची रिक्षा थांबलेली दिसत होती, तरी ब्रेक उशिरा दाबला गेला, थोडक्यात वाचले. रात्री जावेकडे वाढदिवसाला दोन ग्लास वाइन घेतली, तर सकाळी दहापर्यंत मला उठवता उठवेना. आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलं, त्यातलं अक्षर आठवत नाही. आठ तासांनीही भूल उतरत नाही का? की २४ तास गाडी, दारू, सह्या नको हा नियम हॉस्पिटलवाले स्वतःची बाजू सांभाळायला लिहितात? पुढच्या शुक्रवारी दुपारी ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी सोडणार. रात्री मित्र येणार आहेत. शनिवारी सकाळी अकराला त्याच फ्लॅटच्या साठेखताची नोंदणी आहे आणि हे म्हणतात, गाडी मीच चालवेन. हे घोरतात खूप, त्याचा काही संबंध असतो का? फाइलमधल्या कागदांचे फोटो जोडलेत.*

ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी सगळं खापर भुलीवर फोडलं असतं, आणि ते अर्धंच खरं ठरलं असतं.

भुलीच्या कागदावर साडेआठच्या सुमाराला मिडाझोलाम २ मिलिग्रॅम, फेंटानिल १०० मायक्रोग्रॅम आणि प्रोपोफॉल १२० मिलिग्रॅम अशी नोंद आहे. पुढची वीस मिनिटं सेवोफ्लुरेन हा वायू दिलाय. साडेअकराला सलाइनमधून ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम. घरी दिलेल्या पाकिटात ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी आहे, दर आठ तासांनी एक. तुमच्या वजनाला आणि एवढ्याशा कामाला हे सगळे डोस नेहमीचेच आहेत, कोणी काही जास्त दिलेलं नाही. फेंटानिलचा एवढा डोस साधारण तासाभरात निवतो आणि सेवोफ्लुरेन बहुतेक श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून ती दोन बाजूला ठेवू. तुमच्या प्रश्नांची उत्तरं उरलेल्या तिघांत आहेत.

प्रोपोफॉल म्हणजे ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन. हात जरा चुरचुरतो आणि मिनिटभराच्या आत माणूस झोपतो. एकदाच दिलं आणि मागून दुसरं काही दिलं नाही, तर पाच-दहा मिनिटांत जागही येते. ही जाग कशामुळे येते, याबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. एवढ्या वेळात औषध शरीराबाहेर गेलेलं नसतं. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून ते आधी तिथे पोचतं, आणि मग रक्तावाटे स्नायूंमध्ये आणि चरबीत पसरतं. मेंदूतलं प्रमाण उतरलं की डोळे उघडतात. पाहुणे गावाला गेले नाहीत, पंगतीतून उठून ओसरीवर बसलेत, इतकंच. तिथून ते हळूहळू रक्तात परततं आणि यकृत त्याचा निकाल लावतं. त्याला तास लागतात. त्या काळात रक्तातलं प्रमाण तुम्हाला झोपवण्याइतकं नसतं.

मिडाझोलामचं काम वेगळं. ते भीती घालवतं, आणि दिल्यानंतरच्या काळातल्या आठवणी मेंदूत नोंदवूच देत नाही. रिकव्हरी रूममध्ये हे आम्ही रोज पाहतो. पेशंट डोळे उघडतो, नाव बरोबर सांगतो, विचारतो, ‘झालं का ऑपरेशन?’ मी म्हणते, झालं, सगळं व्यवस्थित. ‘थँक्यू हं डॉक्टर,’ म्हणतो, चहा कधी मिळेल तेही विचारतो. दोन मिनिटांनी नर्स बीपी घ्यायला येते, तिला तोच प्रश्न: ‘झालं का ऑपरेशन?’ बोलणं स्पष्ट, सूर नेहमीचा, विनोदसुद्धा नेहमीचे. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला वाटतं, हा पूर्ण शुद्धीवर आहे. संध्याकाळी त्या पेशंटला यातलं काहीही आठवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्याशी जे बोलणं केलं ते याच वेळेतलं. ती आठवण दबलेली नाही, मुळात तयारच झाली नाही, तेव्हा ती परत येणार नाही आणि त्यात काळजीचंही काही नाही. पॉलिपच्या तपासणीचा रिपोर्ट कधी घ्यायचा, रक्तस्राव किती दिवस चालेल, पुन्हा कधी दाखवायचं, हे फोन करून नव्याने विचारा. खरं तर ते तुमच्यासमोर मिस्टरांना सांगून कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

आता तुमचा आठ तासांचा हिशेब. मिडाझोलामचं शरीरातलं प्रमाण साधारण अडीच तासांनी निम्म्यावर येतं, माणसागणिक थोडं पुढेमागे. म्हणजे अकराला १ मिलिग्रॅम, दीडला अर्धा, चारला पाव. पाच वाजता स्कूटरची किल्ली हातात घेतलीत तेव्हा तेही नसेल. वीस मिनिटांच्या भुलीतल्या प्रोपोफॉलचाही तोवर फार अंमल उरत नाही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे, सकाळच्या भुलीतलं फारसं काही पाच वाजता शिल्लक नव्हतं.

पण ट्रामाडॉल होतं. साडेअकराला ५० मिलिग्रॅम शिरेतून गेलं आणि दोनच्या जेवणानंतर गोळीतून आणखी ३७.५. गोळीतलं ट्रामाडॉल रक्तात शिगेला पोचायला दोनेक तास लागतात, आणि प्रमाण निम्म्यावर यायला सहा तासांच्या आसपास. म्हणजे ‘आता भूल उतरली’ असं तुम्ही धरून चाललात त्या चार-पाचच्या सुमारालाच दुसरं गुंगीचं औषध सर्वांत वर होतं. पाकिटावर वेदनाशामक लिहिलेलं असतं, म्हणून लोक ते क्रोसिनच्या रांगेत बसवतात. ते अफूच्या गटातलं औषध आहे आणि सुस्ती हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे. मळमळीसाठी फेनर्गन किंवा खाजेसाठी एव्हिल दिलं, नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन दिलं, तरी हीच गत होते. घरी दिलेल्या गोळ्यांमुळे दिवस लांबतो आणि नाव भुलीचं होतं.

त्यात भर आदल्या रात्रीची. ऑपरेशनच्या धास्तीने झोप लागत नाही, मध्यरात्रीपासून उपाशी, पहाटे उठून हॉस्पिटल. टोरांटोत गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या वीस जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवून पाहिलं होतं, २००५ साली तो अभ्यास छापून आला. ऑपरेशननंतर दोन तासांनी त्यांचं लक्ष निरोगी माणसांपेक्षा जास्त वेळा सुटत होतं, आणि २४ तासांनी फरक उरला नव्हता. मला त्यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: ऑपरेशनच्या आधीसुद्धा, भुलीचा थेंबही अंगात नसताना, ही माणसं इतरांपेक्षा कमी सावध होती. अभ्यास लहान आहे, आणि दोन तास व २४ तास यांच्या मधलं त्यात मोजलेलं नाही. त्यामुळे २४ हा आकडा म्हणजे काही तेविसाव्या तासाला धोका आणि पंचविसाव्याला निर्धास्त, असा नाही. औषधं निघून जायला वेळ मिळावा आणि मध्ये एक पूर्ण रात्रीची झोप यावी, एवढा अवधी त्यात बसतो. यकृत-मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना, सत्तरीच्या पुढच्यांना आणि रोज झोपेची गोळी घेणाऱ्यांना तो कमीही पडतो.

हॉस्पिटल बाजू सांभाळतं, हे थोडंफार खरं आहे, ते नाकारत नाही. पण मग तुम्हाला दीडला सोडलंच कसं, याचं उत्तर ऐका. डे केअरमधून घरी सोडताना आम्ही पाच गोष्टींना गुण देतो: बीपी-नाडी, चालणं, मळमळ-उलटी, दुखणं आणि रक्तस्राव. दहापैकी नऊ मिळाले की घरी. या पाचांत ब्रेक कुठेच नाही. तुम्ही बाथरूमपर्यंत सरळ चालत गेलात याचा अर्थ घरी पलंगावर पडायला, सोबतीला मोठं माणूस असताना, तुम्ही योग्य आहात, इतकाच. ताशी ४० च्या वेगाने स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे तुमच्या पुढच्या रिक्षाच्या लांबीच्या दुप्पट. रिक्षा तुम्हाला दिसत होती, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी डोळे आपलं काम करतात, दिसल्यापासून हात दाबेपर्यंतचा वेळ लांबतो. आणि हा वेळ लांबलाय हे ज्या मेंदूने ओळखायचं तोच मंदावलेला असतो, म्हणून ‘मला फ्रेश वाटतंय’ ही साक्ष त्या दिवशी मी ग्राह्य धरत नाही. ट्रामाडॉलने दुखणं गेलेलं, मिडाझोलामने धास्ती गेलेली, ऑपरेशन पार पडल्याचा सुटकेचा निःश्वास, फ्रेश वाटणारच!

कायद्याचंही जाता जाता सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये फक्त दारू नाही. औषधाच्या अंमलाखाली गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल, तर तेही त्यात येतं. फुंकायच्या यंत्रावर ट्रामाडॉल दिसत नाही एवढंच.

एजंटच्या फोनकडे येते. चारला तुम्ही हो म्हणालात ते औषधामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एजंट भाव वाढवतात आणि आपण धडधाकट असतानाही हो म्हणतो. पण अशा दिवशी काय होतं ते आम्हाला माहीत आहे. समोरच्याशी घासाघीस करायला जो नेट लागतो तो नसतो. दोन आकडे डोक्यात धरून तिसरा तपासायचा कंटाळा येतो. हो म्हणून फोन ठेवणं सोपं वाटतं. बोलण्यावरून कोणाला संशयही येत नाही. भारतीय करार कायद्याचं १२ वं कलम म्हणतं, करार करताना त्यातलं समजून घेऊन स्वतःच्या हिताचा विचार करण्याइतकी बुद्धी ठिकाणावर हवी. तापाच्या भ्रमात किंवा दारूच्या नशेत असलेल्या माणसाचं उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. मात्र चारच्या फोनला तुम्ही तशा अवस्थेत होतात हे सिद्ध करणं कठीण, म्हणून त्या भरवशावर राहू नका. आजच एजंटला लिहून कळवा की वाढीव भाव मान्य नाही, जुना भाव आणि टोकनची रक्कम दोन्हींची नोंद मेसेजमध्ये राहू द्या, आणि साठेखताआधी वकिलाला दाखवा. यापुढे घरात कोणाचंही डे केअर असेल, तर त्या दिवशी ज्याला ओटीपी लागतो असं कुठलंही काम करायचं नाही, अशी साधी खूण ठेवा. मोठे निर्णय म्हटलं की लोकांना घर-जमीन आठवते. प्रत्यक्षात पैसे जातात ते एका ओटीपीने.

वाइनबद्दल थोडं कडक बोलते. मिडाझोलाम, प्रोपोफॉल आणि दारू ही तिन्ही मेंदूतल्या एकाच प्रकारच्या कळा दाबतात, त्यामुळे उरलंसुरलं औषध आणि दारू एकमेकांचा अंमल वाढवतात. ट्रामाडॉलची वाट वेगळी, पण तेही झोप आणतं आणि श्वास मंद करतं. तुम्ही रात्री दहाची गोळीही घेतली असेल, तर दोन ग्लासांवर ती पडली. या जोडीतला खरा धोका गाढ झोपेचा नाही. झोपेत श्वास उथळ होतो, जीभ मागे पडते, उलटी आली तर कूस वळवायची शुद्ध नसते. सकाळी ‘उठवता उठवेना’ हे वाक्य म्हणून मला खटकलं. पुन्हा कधी घरात असं झालं तर दहापर्यंत वाट पाहायची नाही. हाक मारून, खांदा जोरात हलवूनही माणूस डोळे उघडून धड उत्तर देत नसेल, श्वास मिनिटाला दहाहून कमी पडत असेल किंवा मध्येच थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि ट्रामाडॉल सुरू असेपर्यंत दारू नाही, मग ऑपरेशनला चार दिवस होऊन गेलेले असोत.

आता मिस्टरांचा शुक्रवार. दुपारचं ऑपरेशन म्हणजे शनिवारी अकराला २४ तास होत नाहीत. तास मोजायचे ते भूल संपल्यापासून, ‘दुसरा दिवस उजाडला’ हा हिशेब चालत नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांगेत उभं राहायचं, फोटो, अंगठे, पानापानावर सह्या, आणि त्या साठेखतात तो वादाचा भाव! वेळ बदलून घ्या, पुढच्या आठवड्याच्या मध्यावर ठेवा. भूल कमरेतून देणार असतील तरी हेच. कमरेतल्या भुलीने झोप येत नाही, पण पेशंट घाबरू नये म्हणून सोबत बहुधा मिडाझोलाम देतात.

गाडीला त्यांच्या बाबतीत २४ तासही पुरणार नाहीत. हर्नियाच्या जागेवर ब्रेक जोरात दाबताना कळ येते, आणि कळेच्या भीतीने पाय अर्ध्यात थांबतो. सर्जननी परवानगी दिल्यावर आधी बंद गाडीत बसून ब्रेक कचकन दाबून पाहायला सांगा, पाय जराही कचरला तर आणखी थांबायचं. बहुतेकांना आठवडा-दोन आठवडे लागतात. हॉस्पिटलातून आणायला तुम्ही किंवा घरचं कोणी मोठं माणूस जा. नुसती कॅब बोलावली तर तिचा चालक गाडी चालवेल, मागच्या सीटवर मान लटकली तर त्याला कळणार नाही.

घोरण्याचा संबंध नक्की आहे, आणि हा प्रश्न पत्राच्या शेवटी न टाकता भुलीच्या तपासणीत पहिल्यांदा सांगण्यासारखा आहे. रात्री घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच अडकतो का, मग दचकून घुसमटल्यासारखा आवाज येतो का, दिवसा टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो का, बीपीची गोळी चालू आहे का, हे तुम्हीच सांगा. त्यांना स्वतःला ते माहीत नसणार. यातलं बरंचसं ‘हो’ असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि अशा माणसाला भूल किंवा ट्रामाडॉल नंतरच्या रात्री जास्त जपावं लागतं. भूलतज्ज्ञ कदाचित एक रात्र ठेवून घेतील, कबूल करा, डे केअरचा हट्ट धरू नका. घरी सोडलंच तर दुखण्यासाठी ट्रामाडॉलशिवाय भागेल का विचारा. पोट आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर पॅरासिटामॉलच्या जोडीला डायक्लोफिनॅकसारख्या गोळीवर हर्नियाचं दुखणं बरंचसं सोसवतं. झोपताना उशा उंच, जमेल तसं कुशीवर. आणि मित्रमंडळींना त्यानंतरच्या आठवड्यातल्या शनिवारचं आमंत्रण द्या. शुक्रवारी रात्री त्या घरात एक माणूस पूर्ण शुद्धीत लागणार आहे, आणि ताई, ते तुम्हालाच व्हावं लागेल.